जिओरेफरन्सिंगचा ‘मीन एरर’ म्हणजे नकाशाची अचूकता नव्हे: गट नकाशाच्या लेयरची चेकपॉइंटवर तपासणी

प्रश्न: एका गावाचा जुना गट नकाशा (इंचास ६६० फूट) ३०० डीपीआयवर स्कॅन करून क्यूजीआयएसमध्ये जिओरेफरन्स केला आणि गटांच्या हद्दी डिजिटाइझ केल्या. कंट्रोल पॉइंट उपग्रह चित्रावरून घेतले. मीन एरर ०.९ पिक्सेल आहे आणि गटांची क्षेत्रं सातबाऱ्याशी दोन टक्क्यांच्या आत जुळतात. आता काम देणारे ‘पोझिशनल अ‍ॅक्युरसी रिपोर्ट’ मागतायत. मीन एररच लिहून दिला तर चालेल का? की जागेवर जाऊन पॉइंट घ्यावे लागतील? किती, आणि शेवटी कोणता आकडा लिहायचा?

उत्तर:

मीन एरर लिहून देऊ नका. तुमच्या हातात आत्ता दोन आकडे आहेत, पण लेयरवरची हद्द जमिनीवरच्या हद्दीपासून किती लांब पडते, हे त्यातला एकही सांगत नाही.

आधी ०.९ पिक्सेलचं बघू. इंचास ६६० फूट म्हणजे १:७९२०. ३०० डीपीआयच्या स्कॅनवर एक पिक्सेल कागदावर ०.०८५ मिलिमीटरचा आणि जमिनीवर साधारण ६७ सेंटिमीटरचा होतो. म्हणजे तुमचा मीन एरर सुमारे ६० सेंटिमीटर झाला. मूळ नकाशावरची शाईची रेघच पाव मिलिमीटर जाड धरली, तरी ती जमिनीवर दोन मीटर रुंद पट्टा झाकते. रेघेच्या जाडीच्या एक तृतीयांश अचूकता त्याच रेघेवरून काढलेल्या लेयरला कुठून येणार?

हा आकडा इतका देखणा दिसतो त्याचं कारण गणितात आहे. ज्या पॉइंटांवर नकाशा ताणून बसवला, त्याच पॉइंटांवर तो किती बसला एवढंच मीन एरर मोजतो. तुम्ही कोणतं ट्रान्सफॉर्मेशन निवडलं ते लिहिलेलं नाही. पॉलिनोमियल २ असेल तर त्याला किमान ६ पॉइंट लागतात, आणि बरोबर ६ च दिले तर एरर शून्य दाखवतो, मग नकाशा कसाही असो. सात-आठ दिले तरी त्या आकड्यावर विसंबता येत नाही. थिन प्लेट स्प्लाइन तर प्रत्येक पॉइंटवर नकाशा ओढून चिकटवतं, तिथे एरर बघण्यात काहीच अर्थ नाही. शिवाय कंट्रोल पॉइंट सगळेच्या सगळे एकाच बाजूला चार मीटर सरकलेले असले, तर नकाशाही मुकाट्याने त्यांच्याबरोबर सरकतो आणि मीन एरर जसाच्या तसा चांगला राहतो.

क्षेत्राच्या ताळ्याची अडचणही तीच. आख्खा नकाशा पूर्वेला पाच मीटर सरकवला तर एकाही गटाचं क्षेत्र एका चौरस फुटाने बदलत नाही. सातबाऱ्याशी क्षेत्र जुळणं ही चांगली गोष्ट आहे. कागद आटण्याची भरपाई नीट झाली आणि हद्दी काढताना मोठी चूक झाली नाही, एवढं त्यातून कळतं. पण लेयर जागेवर आहे की नाही, याबाबत ती तपासणी आंधळी असते. म्हणून जागेवर जाऊन, लेयरशी काहीही संबंध नसलेले पॉइंट घेऊन मोजावंच लागतं.

कोणते पॉइंट घ्यायचे

किती पॉइंट घ्यायचे हा प्रश्न सगळे आधी विचारतात. मी आधी कोणते हे ठरवतो, कारण निकाल तिथेच बिघडतो. चेकपॉइंट असा हवा, की नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे त्याची जागा एकच आणि वादातीत असेल. गट नकाशात असे पॉइंट मोजकेच असतात: तीन गट मिळतात तिथला शाबूत हद्दीचा दगड, दोन बांध साधारण काटकोनात मिळतात तो कोपरा, नकाशावर दाखवलेली पक्की बांधलेली विहीर (तिचा मध्य), जुन्या देवळाच्या जोत्याचा कोपरा, गावाच्या शिवेवरचे दगड.

ओढ्याचा काठ, पाणंदीचं वळण किंवा फार तिरकस कोनात मिळणारे दोन बांध घेऊ नका. दोन बांध २०-२५ अंशांत मिळत असतील तर ते नेमके कुठे मिळतात याबाबत तुमच्या आणि माझ्या नजरेत सहज तीन-चार मीटरचा फरक पडेल. मग तो फरक नकाशाच्या नावावर चढतो.

बांधाच्या कोपऱ्यांना आणखी एक खोड आहे. बांध कोरला जातो. दरवर्षी नांगराच्या एका तासाने तो सरकतो आणि वीस-तीस वर्षांत हद्द कुठल्या कुठे जाते. अशा बांधावर रोव्हर ठेवून तुम्ही मोजता ती आजची वहिवाट असते. नकाशा काढला गेला तेव्हाची हद्द त्यात मोजली जात नाही. म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून, जिथे वाद नाही आणि जिथे दगड किंवा जुनं झाड बांधाच्या साक्षीला आहे तेच कोपरे घ्या. अहवालातही ‘हद्दीची अचूकता’ असा मोघम शब्द न वापरता ‘लेयरवरील जागा व जमिनीवरील खूण यांतील फरक’ असं स्पष्ट लिहा.

आता संख्या. अमेरिकेचं १९९८ चं एनएसएसडीए हे मानक आपल्याकडच्या बऱ्याच निविदांत उचललेलं असतं, त्यात किमान २० पॉइंट आहेत. एएसपीआरएस या अमेरिकी संस्थेच्या मानकाच्या २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत किमान ३०. तुमच्या कामाच्या कागदात कोणतं नाव आहे ते आधी बघा, कारण आकडा मांडायची पद्धतही त्यावर ठरते. काहीच लिहिलेलं नसेल तर एका गावासाठी मी २० ते २५ घेतो.

ते गावभर पसरलेले हवेत. एनएसएसडीए सुचवतं ते असं: क्षेत्राचे चार चतुर्थांश करा, प्रत्येकात किमान २० टक्के पॉइंट ठेवा आणि दोन पॉइंटांमधलं अंतर क्षेत्राच्या कर्णाच्या एक दशांशापेक्षा कमी नको. प्रत्यक्षात सगळ्यांचे पॉइंट डांबरी रस्त्याकडेला आणि गावठाणाभोवती गोळा होतात आणि ओढ्यापलीकडचा कोपरा रिकामा राहतो. स्कॅनच्या कडा आणि घड्या बहुतेक त्याच कोपऱ्यात असतात.

कशाने मोजायचं

कॉर्सवर, म्हणजे कायमस्वरूपी संदर्भ केंद्रांच्या जाळ्यावर, चालणारा जीएनएसएस रोव्हर घ्या. फिक्स मिळाल्यावर तो काही सेंटिमीटरमध्ये जागा देतो. १:७९२० च्या नकाशासाठी हे गरजेपेक्षा जास्तच आहे, त्यामुळे तासतासभर स्टॅटिक निरीक्षणं घेत बसायचं कारण नाही. दगडाचा मध्य कुठला, विहिरीचा मध्य कुठला हे ठरवण्यात जे २०-३० सेंटिमीटर जातात ते रोव्हरच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठे असतात. रोव्हर फ्लोटवर असताना, म्हणजे फिक्स मिळालेला नसताना, घेतलेलं वाचन मात्र टाकून द्या. झाडाखाली हा प्रकार हमखास होतो.

मोबाइल चालेल का, असं बरेच जण विचारतात. समजा लेयरची खरी चूक ३.६ मीटर आहे आणि मोबाइलची ४ मीटर. दोन्ही स्वतंत्र असल्या तर त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं: ५.४ मीटर. म्हणजे अहवालात निम्म्याहून जास्त भाग तुमच्या मोबाइलचा असेल आणि बदनाम नकाशा होईल. चेकपॉइंटची चूक लेयरच्या अपेक्षित चुकीच्या एक तृतीयांश किंवा त्याहून कमी असेल तर ती दुर्लक्षिता येते, हा माझा साधा हिशेब.

मोजणी आणि लेयर दोन्ही एकाच प्रक्षेपणात आणा. पश्चिम आणि मध्य महाराष्ट्रात `EPSG:32643`, आणि ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूरकडे, `EPSG:32644`. `EPSG:3857` मध्ये अंतरं मोजू नका. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर त्यात प्रत्येक अंतर साधारण चार ते आठ टक्क्यांनी फुगलेलं येतं.

एका गावाचं उदाहरण

तुमच्यासारखंच एक काम माझ्याकडे तपासणीला आलं होतं. स्केल तेच, कंट्रोल पॉइंट तसेच उपग्रह चित्रावरून घेतलेले, मीन एररही असाच गोड. आम्ही २१ चेकपॉइंट घेतले. प्रत्येकासाठी लेयरवरच्या सहनिर्देशकातून जमिनीवरचा वजा केला. हा क्रम ठरवून टाका आणि अहवालात लिहा, नाहीतर चूक पूर्वेला की पश्चिमेला यावरून नंतर गोंधळ होतो. `dE` धन म्हणजे लेयर जागेपेक्षा पूर्वेला, `dN` धन म्हणजे उत्तरेला.

एका पॉइंटवर १९ मीटरचा फरक आला, बाकी सगळे नऊ मीटरच्या आत. असा पॉइंट ‘फार मोठा आहे’ म्हणून काढून टाकायचा मोह होतो. तसं करायचं नसतं. चूक मोठी असणं हे पॉइंट काढण्याचं कारण होऊ शकत नाही, कारण तुम्ही नेमकी चूकच मोजायला निघालेले असता. आधी जागेवर परत जायचं. तिथे बघितलं तर दगड पाणंदीच्या कडेला नुसता पडलेला होता, मातीत रोवलेला नव्हता आणि त्याची खालची निम्मी बाजू वरच्यापेक्षा गडद होती. म्हणजे इतकी वर्षं तो भाग जमिनीत होता. पाणंद रुंद करताना जेसीबीने दगड उचलून कडेला ठेवला, असं शेजारच्या शेतकऱ्याने सांगितलं. आकड्यांशी संबंध नसलेलं कारण मिळालं, म्हणून तो पॉइंट वगळला आणि अहवालात वगळल्याची नोंद कारणासह दिली. असं कारण मिळालं नसतं तर १९ मीटर ठेवावे लागले असते.

उरलेल्या २० पॉइंटांवर सरासरी सरक आणि आरएमएसई, म्हणजे चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, यांचा हिशेब असा करतात:

```
bias_E = sum(dE)/n            bias_N = sum(dN)/n
RMSE_E = sqrt(sum(dE^2)/n)    RMSE_N = sqrt(sum(dN^2)/n)
RMSE_r = sqrt(RMSE_E^2 + RMSE_N^2)
```

आमचे आकडे आले ते असे. पूर्व-पश्चिम दिशेत आरएमएसई ४.८९ मीटर, उत्तर-दक्षिण दिशेत २.६४ आणि दोन्ही मिळून ५.५५ मीटर. सगळ्यांत मोठी चूक ८.७ मीटर.

बरेच अहवाल इथेच थांबतात. ५.५५ ला १.७३०८ ने गुणायचं, ९.६ मीटर येतात, ‘९५ टक्के विश्वास पातळीवर ९.६ मीटर’ लिहायचं आणि सही करायची. पण १.७३०८ हा गुणक काही अटींवर उभा आहे. दोन्ही दिशांतली चूक साधारण सारखी असावी, ती नैसर्गिक विखुरणीची असावी आणि नियमित सरक आधीच काढून टाकलेली असावी. दोन दिशांचे आरएमएसई सारखे नसतील तर एनएसएसडीए दुसरं अंदाजे सूत्र देतं, पण तेही लहान आरएमएसई भागिले मोठा हे गुणोत्तर ०.६ ते १ च्या दरम्यान असेल तरच. इथे २.६४ भागिले ४.८९ म्हणजे ०.५४. एकही सूत्र लागू होत नाही.

मला विचाराल तर हे गुणोत्तर म्हणजे नुसती तांत्रिक अट नाही. जुन्या साखळी मोजणीच्या नकाशात पूर्व-पश्चिम चूक उत्तर-दक्षिणेच्या दुप्पट असायला काही कारणच नसतं. तशी ती आली म्हणजे काहीतरी एका दिशेने ढकललं गेलंय.

म्हणून सरासरी बघायची. `bias_E` आला +४.२८ मीटर आणि `bias_N` −१.१० मीटर. सरासरी वजा केल्यावर उरलेली विखुरणी, म्हणजे प्रमाण विचलन, पूर्वेकडे २.४२ आणि उत्तरेकडे २.४६. दोन्ही दिशा एकदम सारख्या झाल्या. कागदावर हे ०.३ मिलिमीटर होतं, म्हणजे रेघेच्या जाडीएवढं. या स्केलच्या नकाशाकडून यापेक्षा जास्त मागू नये. नकाशा चांगलाच होता, फक्त भलत्या जागी बसवलेला होता.

सरासरी सरक खरी की योगायोग, हे बघायला विचलनाला पॉइंटांच्या संख्येच्या वर्गमूळाने भागा. २.४२ भागिले ४.४७ म्हणजे ०.५४ मीटर. पूर्वेची ४.२८ ची सरक याच्या आठपट आहे, तिथे शंकेला जागा नाही. उत्तरेची १.१० बरोबर दुप्पट आहे, म्हणजे सीमारेषेवर. त्यावरून कुठलाही निष्कर्ष काढायचं मी टाळतो.

आकड्यांबरोबर एक चित्रही काढा. प्रत्येक चेकपॉइंटवर चुकीचा बाण, पन्नास किंवा शंभर पट मोठा करून. सगळे बाण एका दिशेला असतील तर सरक आहे. मधून बाहेर फाकत असतील तर स्केल चुकलंय. गोल फिरत असतील तर नकाशा किंचित वळलाय. एकाच कोपऱ्यातले बाण बिथरलेले असतील तर स्कॅन करताना कागद सपाट नव्हता किंवा घडीवर ताणला गेला. आमच्या चित्रात २० पैकी १९ बाण पूर्वेकडे झुकलेले होते.

सरकेचं कारण आणि ती काढायची रीत

संशय उपग्रह चित्रावर होता, पण संशयावर काम करता येत नाही. चित्रात स्पष्ट दिसणाऱ्या जमिनीलगतच्या काही जागांवर रोव्हर ठेवला: मोरीच्या कठड्याची टोकं, शाळेच्या ओट्याचा कोपरा, देवळाचं जोतं. छताच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या कडा मुद्दाम घेतल्या नाहीत, कारण उपग्रह तिरका बघतो आणि उंच वस्तूचा माथा चित्रात एका बाजूला झुकतो. या जागांवर चित्रच चार मीटरच्या आसपास पूर्वेला निघालं. वेबवर मोफत दिसणाऱ्या चित्रांत हे नवं नाही. सरक गावागणिक वेगळी असते आणि चित्र बदललं की तीही बदलते. त्यामुळे ‘४.२८ मीटर पश्चिमेला सरकवा’ हा उपाय माझ्या त्या गावाचा, त्या चित्रापुरता होता. तुमच्या गावाला तो लावू नका.

इथे एक आडवाट फार मोहात पाडते. चेकपॉइंटांवरून सरक कळलीच आहे, तर लेयर तेवढा सरकवायचा, त्याच २० पॉइंटांवर पुन्हा हिशेब करायचा आणि नवा सुंदर आकडा लिहायचा. हिशेब केला तर ५.५५ चे ३.३६ मीटर होतात. पण ज्या क्षणी चेकपॉइंट वापरून लेयर हलवला, त्या क्षणी ते कंट्रोल पॉइंट झाले. परीक्षेचा पेपर आधी दाखवून घेतलेल्या परीक्षेसारखं ते होतं.

आम्ही रोव्हरने नवे कंट्रोल पॉइंट घेतले, नकाशा पॉलिनोमियल १ ने पुन्हा बसवला आणि हद्दी त्याच ट्रान्सफॉर्मेशनने हलवल्या. पॉलिनोमियल १ का? कागद लांबीत आणि रुंदीत वेगवेगळा आटतो, ते त्यात सामावतं, आणि त्यापलीकडे वाकवायला त्याला जागा नसते. एखादा कंट्रोल पॉइंट चुकला तर तो एररमध्ये लगेच वर येतो. वरच्या दर्जाच्या पॉलिनोमियलमध्ये तोच चुकलेला पॉइंट नकाशाला आपल्याकडे ओढून घेतो आणि लपतो. स्कॅनला खरोखर घडी असेल, तर मात्र पॉलिनोमियल १ पुरणार नाही. तेव्हा नकाशाचे तुकडे करून वेगवेगळे बसवावे लागतात.

त्यानंतर नवीन, आधी न वापरलेल्या २४ चेकपॉइंटांवर तपासणी केली. आरएमएसई पूर्वेकडे २.६२, उत्तरेकडे २.४८, मिळून ३.६१ मीटर. सरासरी सरक दोन्ही दिशांत अर्ध्या मीटरच्या आत, म्हणजे योगायोगाच्या मर्यादेत. गुणोत्तर ०.९५. आता १.७३०८ चा गुणक वापरायला हरकत नाही: ९५ टक्के पातळीवर ६.२ मीटर.

पुन्हा जागेवर जाणं परवडत नसेल तर एक मार्ग आहे. पहिल्याच फेरीत ३५-४० पॉइंट घ्या आणि कार्यालयात बसून, एरर न बघता, चिठ्ठ्या टाकून त्यांचे कंट्रोल आणि चेक असे दोन गट करा. एकदा केलेली वाटणी पुन्हा बदलायची नाही.

अहवालात काय लिहायचं

मुख्य वाक्य साधं ठेवा. आमचं असं होतं:

‘हा लेयर २४ स्वतंत्र चेकपॉइंटांवर तपासला असता क्षैतिज आरएमएसई ३.६१ मीटर आढळला. एनएसएसडीए पद्धतीने ९५ टक्के विश्वास पातळीवर क्षैतिज अचूकता ६.२ मीटर.’

एएसपीआरएसची २०२३ ची आवृत्ती मागितली असेल तर ९५ टक्क्यांचा आकडा लागत नाही, आरएमएसई पुरतो. मात्र पॉइंट ३० हवेत आणि चेकपॉइंटची स्वतःची चूकही त्यात वर्ग करून मिळवायची. रोव्हरचे तीन-चार सेंटिमीटर ३.६१ मध्ये मिळवले तरी दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत फरक पडत नाही, पण मिळवल्याचं लिहा.

त्या वाक्याखाली मूळ नकाशाचं स्केल, प्रक्षेपण, मोजणीची पद्धत आणि महिना, दोन्ही दिशांचे आरएमएसई, सरासरी सरक, सर्वांत मोठी चूक, वगळलेले पॉइंट कारणासह, आणि बाणांचं चित्र. सगळ्या पॉइंटांचा तक्ता परिशिष्टात द्या, म्हणजे समोरच्याला शंका आली तर तो स्वतः बेरीज करून बघू शकतो. आकडे मीटरच्या एका किंवा फार तर दोन दशांश स्थळांपर्यंतच. ३.६०८ लिहिलं की वाचणाऱ्याला मिलिमीटरची खात्री असल्यासारखं वाटतं.

६.२ मीटर म्हणजे काय, हे काम देणाऱ्याला एका वाक्यात सांगा. अशा स्पष्ट कोपऱ्यांपैकी साधारण शंभरातले ९५ त्यांच्या खऱ्या जागेपासून ६.२ मीटरच्या आत असतील. उरलेले पाच बाहेर असू शकतात आणि ते कोणते हे माहीत नसतं. पिकांची नोंद, रस्त्याच्या आखणीत कोणते गट येतात याचा पहिला अंदाज, पाणलोटाचं नियोजन, एवढ्याला हा लेयर पुरतो. दीड मीटरच्या बांधावरून दोघांचं भांडण असेल तर तो कोणाच्याच बाजूने काही सांगू शकत नाही. त्यासाठी भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करून, फी भरून हद्द कायम करून घ्यावी लागते. तुमच्या लेयरची प्रिंट घेऊन कुणीतरी तलाठ्याकडे जाणारच आहे, तेव्हा हे वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर टाका.

एक मर्यादा राहते. वरचा सगळा हिशेब स्पष्ट कोपऱ्यांचा आहे, आणि लेयरमध्ये स्पष्ट कोपऱ्यांपेक्षा रेघाच जास्त असतात. सरळ बांधाच्या मधल्या भागात बांधाच्या लांबीच्या दिशेने चूक मोजता येत नाही. फक्त काटकोनात रेघ किती बाजूला गेली तेवढंच मोजता येतं. ओढ्यालगतच्या हद्दीत तर काठच बदललेला असतो. तिथे मी रोव्हर घेऊन काठाने किंवा बांधाने चालतो, ती रेघ प्रमाण धरतो आणि तिच्या दोन्ही बाजूंना ठराविक रुंदीचा बफर काढून लेयरच्या रेघेची किती टक्के लांबी त्यात पडते ते बघतो. गुडचाइल्ड आणि हंटर यांनी १९९७ मध्ये मांडलेली ही पद्धत क्यूजीआयएसमध्ये बफर, क्लिप आणि लांबीची बेरीज एवढ्यावर होते. बफरची रुंदी कोपऱ्यांच्या ९५ टक्के आकड्याएवढी धरली की तुलना सरळ होते. त्या गावात सरळ बांध बहुतेक सगळे ६.२ मीटरच्या पट्ट्यात बसले, ओढ्याकाठच्या हद्दी मात्र जागोजागी बाहेर गेल्या.

हे कोपऱ्यांच्या आकड्यात मिसळू नका. त्याची वेगळी ओळ द्या: ‘नैसर्गिक प्रवाहालगतच्या हद्दींना वरील अचूकता लागू नाही’, आणि अशा गटांचे क्रमांक खाली लिहा. लेयरच्या अ‍ॅट्रिब्यूट टेबलमध्येही एक कॉलम टाकून त्या रेघांना खूण करा, कारण अहवालाची पीडीएफ आणि शेपफाइल फार दिवस एकत्र राहत नाहीत.

तुमच्या गावात आत्ता पहिलं काम करा ते हे: चार-पाच पक्क्या जागांवर रोव्हर ठेवून तुम्ही वापरलेलं उपग्रह चित्र किती सरकलंय ते बघा. ते मीटरभराच्या आत निघालं तर सरळ २० चेकपॉइंट घेऊन मोकळे व्हा. जास्त निघालं तर आत्ताच्या लेयरवर चेकपॉइंट खर्ची घालू नका, आधी नकाशा पुन्हा बसवा.